जोडले आहे

मेल सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आला आणि मात्राबाईंचा दिवस तिथेच बिघडला.

मात्राबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. शस्त्रक्रियेच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांची सगळी कागदोपत्री कामं त्या बघायच्या. आलेली पत्रं उघडायची, अहवाल छापून रुग्णाच्या फाइलीत लावायचे, डॉक्टर बोलतील ते टाइप करायचं. कुणी वेलांटी चुकवली तर त्या बोलून दाखवत नसत, पण कपाळावर एक आठी उमटायची, आणि ती आठी सगळ्या मजल्याला माहीत होती. सिस्टरांनी नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

मेल तपासणी प्रयोगशाळेचा होता. शरीरातून काढलेल्या गाठी, तुकडे, जे काही असेल ते बाटलीत घालून तिकडे जायचं, आणि आठ-दहा दिवसांनी तिकडून अहवाल यायचा. विषयाच्या जागी एका रुग्णाचं नाव आणि ‘अहवाल’ एवढाच शब्द. आत एकच ओळ :

‘सोबत अहवाल जोडले आहे.’

खाली एक फाइल. बाईंनी ती उघडली. मानेवरची गाठ, चरबीची, निरुपद्रवी. छापली, पंच केली, रुग्णाच्या फाइलीत लावली. रुग्ण अकरा वाजता येणार होता, लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा माणूस. त्याला दुपारीच मोठ्या फेरीवर निघायचं होतं, म्हणून दोनदा फोन करून त्याने वेळ आधीची मागून घेतली होती. सगळं जिथल्या तिथे होतं. तरी बाई पुन्हा त्या ओळीकडे वळल्या.

अहवाल हा शब्द तसा लबाड. एक असला तरी अहवाल आणि दहा असले तरी अहवालच. फाइलीच्या फाइली होतात, पत्राची पत्रं होतात, अहवाल मात्र जागचा हलत नाही. किती आहेत हे सांगायचं काम तो पुढच्या क्रियापदावर ढकलतो. अहवाल जोडला आहे, म्हणजे एक. अहवाल जोडले आहेत, म्हणजे एकाहून जास्त. आणि इथे होतं ‘जोडले आहे’. अर्धं पाऊल इकडे, अर्धं तिकडे.

सोडून द्यावं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. कारण या आधी दोनदा तोंड पोळलं होतं. एकदा कुठल्याशा कंपनीने ‘कागदपत्रे जोडली आहे’ असं लिहिलं होतं. बाईंनी चार फोन करून उरलेली कागदपत्रं मागितली, तर कळलं की सगळी एकाच फाइलीत एकापाठोपाठ एक होती आणि बाईंनी पहिल्याच पानावर थांबून आरडाओरडा केला होता. दुसऱ्यांदा एक्स-रेवाल्यांनी ‘फिल्म्स जोडल्या आहेत’ लिहिलं आणि फाइल आली एक. बाईंनी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी रुग्णाला टेबलावर तसंच ताटकळत ठेवलं, आणि अर्ध्या तासाने निष्पन्न काय, तर एकाच पानावर दोन फिल्म शेजारी शेजारी. त्या दिवशी मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले होते, “बाई, तुम्ही मजकूर वाचत जा. व्याकरण नका वाचू.”

ते वाक्य बाईंना लागलं होतं. म्हणून या वेळी त्यांनी ती फाइल शेवटच्या पानापर्यंत सरकवून पाहिली. दोन पानं, एक गाठ, खाली सही. दडलेलं काही नाही.

पावणेअकराला डॉक्टर आले, तेव्हा बाईंनी विषय काढलाच. आधी फाइल ठेवली, मग चहा आणायला सांगू का विचारलं, मग जाता जाता सांगितल्यासारखं करून म्हणाल्या की प्रयोगशाळेच्या मेलमध्ये जरा गोंधळ आहे, एक अहवाल म्हणायचाय की जास्त ते कळत नाही. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग ऑपरेशनची नोंद काढून बाईंसमोर धरली. ती त्यांनीच सांगितलेली, बाईंनीच टाइप केलेली : मानेवरची एक गाठ काढली, तपासणीस पाठवली. एक गाठ, एक बाटली, एक अहवाल. त्यांना वाटलं, तिकडच्या माणसाच्या मनात पत्र असेल. पत्र जोडले आहे, असं लिहितात की.

“बरोबर,” बाई म्हणाल्या. 

ट्रकवाला आला तो उभ्या उभ्याच. चाळिशीचा, जाडजूड, बसायला सांगितलं तर खुर्चीच्या कडेवर टेकला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की गाठ साधी आहे, टाके बरे भरलेत, काळजीचं कारण नाही. तो हसला, आणि परत दोन महिन्यांनीच इकडे येणं होईल, असं सांगून निघाला. बाईंच्या टेबलावरून जाताना त्याने हातानेच नमस्कार केला. त्याच्या शर्टाच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, आतून लावलेल्या चिकटपट्टीचा चौकोन उमटला होता.

बाईंनी तो पाहिला. गाठ मानेवर होती. पट्टी पाठीवर का? हा प्रश्न त्यांच्या मनात येईस्तोवर लिफ्टचं दार लागलं होतं.

बाईंनी स्वतःची समजूत घातली. पाठीवर पट्टी म्हणजे काय, ट्रकवाल्याला कुठे तरी खरचटलं असेल, बारा महिने लोखंडाशी झटापट करणारा माणूस. त्या उठल्या, खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा येऊन बसल्या. डॉक्टर शस्त्रक्रियेच्या खोलीत गेले होते. दोन तास बाहेर येणार नव्हते. बाईंनी दुसऱ्या कामाला हात घातला, एका पत्रात तारीख चुकवली, आणि मग मुकाट्याने प्रयोगशाळेचे जुने मेल काढून बसल्या.

विचार असा होता : माणूस जर नेहमीच असं लिहीत असेल, तर या ओळीला काही अर्थ नाही. ती त्याची खोड. पण बाई एकामागून एक मेल उघडत गेल्या तसं दिसत गेलं की ही ओळ कुणी रोज टाइप करत नव्हतं. ती ठरलेली ओळ होती, प्रत्येक मेलमध्ये तयार यायची : ‘सोबत अहवाल जोडला आहे.’ गेल्या महिन्यातले चाळीस मेल पाहिले, चौतिसांत हीच ओळ, टिंबासकट. उरलेल्या सहांत दोन-दोन, तीन-तीन फाइली होत्या, आणि त्या सहाही ठिकाणी ओळ बदललेली : ‘सोबत अहवाल जोडले आहेत.’ पाठवणारं माणूस एकच होतं, खाली आद्याक्षरं तीच. म्हणजे ते जे कोणी होतं, त्याला एक आणि अनेक चांगलं कळत होतं. एक असला की ओळीला हातही लावायचा नाही. जास्त असले की ‘ला’चा ‘ले’ करायचा आणि शेवटी ‘त’ लावायचा. पत्र हा शब्द कुठेही नव्हता.

बाई खुर्चीला पाठ टेकून बसल्या. ‘जोडले आहे’ हे आपोआप होण्यासारखं नव्हतं. कुणी तरी ‘ला’ खोडून ‘ले’ केला होता. एकच अहवाल असता, तर त्या ओळीला कुणाचं बोटही लागलं नसतं. बोट लागलं, आणि मग ते मधेच उठलं.

त्यांनी फोन उचलला.

प्रयोगशाळेत तो तिसऱ्यांदा लावल्यावर कुणी तरी घेतला. वयस्कर आवाज होता, घाईत. मेल पाठवणारी मुलगी जेवायला गेलीय, म्हणाला. बाईंनी रुग्णाचं नाव सांगून विचारलं की याचे अहवाल पाठवलेत का. पाठवलेत, असं उत्तर आलं, सकाळी दहाला. बाईंच्या लक्षात आलं की आपण ‘पाठवलेत’ म्हणालो म्हणून तोही ‘पाठवलेत’ म्हणाला. यातून काही हाती लागणार नाही. मग त्यांनी सरळ विचारलं की किती. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज. एक, तो म्हणाला, आणि अर्जाचा क्रमांक वाचून दाखवला. बाईंच्या फाइलीतल्या अहवालावर तोच क्रमांक होता. तिथे सगळं संपायला हवं होतं. आवाज फोन ठेवण्याच्या बेतात होता.

“क्रमांकाने नका शोधू,” बाई म्हणाल्या. “नावाने शोधा.”

“त्याने काय फरक पडणार?”

“पडला नाही तर तुमची माफी मागते.”

पुन्हा कळा. मग मागे कसलंसं यंत्र फिरत असल्याची घरघर तेवढी. बाईंनी टेबलावरची टाचणी उचलली आणि सरळ करत बसल्या.

“दोन आहेत,” आवाज म्हणाला. आता त्यात घाई नव्हती. “दुसऱ्या दिवशी आलेली बाटली. वेगळा अर्ज आहे. पाठीवरचा तीळ. अहवाल आज सकाळीच सही होऊन आलाय, फोटो आहेत त्यात, फाइल मोठी आहे. थांबा. हा गेलेलाच नाही.”

काय लिहिलंय, असं बाईंनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. फाइल लहान करून पाच मिनिटांत पाठवतो, म्हणाला. बारा मिनिटं लागली. त्या बारा मिनिटांत बाई दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आल्या. एकदा सिस्टर भेटल्या, त्यांना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. गाठ काढून झाल्यावर मोठे डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे गेले होते. टाके घालायला धाकट्या डॉक्टरीणबाई थांबल्या. रुग्ण म्हणाला, पाठीवरचा हा तीळ सीटला घासतो, रक्त येतं, तेवढा काढून टाका. त्यांनी काढला, बाटलीत घातला, स्वतः वेगळा अर्ज भरला. सहीला उशीर झाला म्हणून बाटली दुसऱ्या दिवशी गेली. मोठ्या डॉक्टरांना सांगायचं राहिलं, आणि डॉक्टरीणबाई चार दिवसांनी रजेवर गेल्या.

अहवाल आला. बाई बावीस वर्षं हे कागद हाताळत होत्या. त्यांना वाचायला डॉक्टर लागत नव्हता. कर्करोग. त्वचेचा, काळा, वाईट जातीचा. पेशी काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत पोहोचलेल्या, म्हणजे आत अजून असणार. आजूबाजूची जागा लवकरात लवकर आणखी रुंद काढावी, असं खाली लिहिलेलं.

त्या कागद घेऊन शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर उभ्या राहिल्या. डॉक्टर एक शस्त्रक्रिया संपवून बाहेर आले, तोंडावरचा मास्क गळ्यात ओढला, बाईंना पाहून त्यांचा चेहरा आधी वैतागला. मग त्यांनी कागद वाचला. दोनदा वाचला. कागद परत देताना त्यांचा हात हवेत राहिला, जणू द्यायचा की ठेवायचा ते ठरेना.

“तो गेला?” त्यांनी विचारलं.

“सव्वाअकरालाच.”

“बोलवा. आजच. फोनवर सांगू नका काही, मी सांगेन समोर बसून.”

सांगणं सोपं होतं. ट्रकवाल्याचा फोन लागत नव्हता. गाडी चालवताना तो बंद ठेवतो, हे त्याच्या बहिणीकडून कळलं. फाइलीत दुसरा नंबर तिचा होता. ती शिवणकाम करत होती, मशीनचा आवाज मागे चालूच होता. भाऊ मालाच्या गोदामावर गेलाय, तिथून गाडी भरून निघेल, निघाला असेल, सांगता येत नाही. बाईंनी जमेल तितक्या सपाट आवाजात सांगितलं की एक अहवाल द्यायचा राहिला आहे, डॉक्टरांना त्याच्याशी बोलायचं आहे. मशीन थांबलं. बहिणीने विचारलं, वाईट आहे का. बाई म्हणाल्या, डॉक्टर सांगतील. ‘हो’ आणि ‘डॉक्टर सांगतील’ ही दोन उत्तरं एकच आहेत हे बहिणीलाही कळलं असावं, कारण तिने पुढे काही न विचारता गोदामाचा नंबर शोधून दिला.

गोदामातल्या माणसाने फाटकाशी उभी असलेली गाडी थांबवली आणि ट्रकवाल्याच्या हातात फोन दिला. तो चिडला. सकाळी तर म्हणालात काही नाही म्हणून. गाडी भरली आहे, ताडपत्री बांधली आहे, मालक काय म्हणेल. अहवाल फोनवर पाठवा, वाटेत बघतो, असं म्हणाला. बाई म्हणाल्या, पाठवता येत नाही. मग दोन महिन्यांनी येतो, तो म्हणाला. आयुष्यभर लोकांना पत्रांतून कळवत आलेल्या बाईंना एकाएकी शब्दच सुचेनात. ‘कृपया’ सुचला, ‘आपणास’ सुचला, उपयोगाचा एकही सुचला नाही.

“दादा,” त्या शेवटी म्हणाल्या, “मी तुमच्या जागी असते तर ताडपत्री सोडून आले असते.”

 “तासाभरात येतो,” तो म्हणाला.

तीन वाजता आला. बहीणही आली होती, बोटात अजून शिवणाचं अंगुस्तान तसंच. डॉक्टर दार लावून त्यांच्याशी अर्धा तास बोलले. आतून आवाज येत नव्हता, आणि बाई आवाज येऊ नये म्हणून मुद्दाम छपाईयंत्र चालू करून बसल्या होत्या. दार उघडलं तेव्हा ट्रकवाला आधी बाहेर आला, बाईंच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर पूर्ण बसला आणि विचारलं की आता मालकाला काय सांगू. बाईंनी त्याला पाणी दिलं. बहीण भिंतीला टेकून उभी होती. तिने सांगितलं की मालकाशी मी बोलते, तू गप्प बस. पाचव्या दिवसाची शस्त्रक्रिया ठरली.

घरी आल्यावर बाईंना चैन पडेना. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोऱ्या, कप्प्या, ब्रेक यांच्यात दिवस काढून आलेला माणूस, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की काम झालं ना, मग आता काय. मुलगी कॉलेजातून आली होती. तिचं नेहमीचं होतं, फोटो पाठवलाय म्हणायची आणि पाच पाठवायची, आई चिडली की हसायची. आज ती हसली नाही. तिने विचारलं, “आई, आणि त्या प्रयोगशाळेतल्या मुलीने ‘जोडला आहे’ असंच जाऊ दिलं असतं तर?”

“तर मी अहवाल पंच केला असता, फाइलीत लावला असता, आणि तो गेला असता.”

मुलगी जेवायला वाढते म्हणाली. बाईंनी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतली ती मुलगी स्वतःच आली. बावीस-तेविशीची, केस घट्ट बांधलेले, रडून आलेली हे लपवायचा प्रयत्न न करणारी. फोन न करता आली, कारण फोनवर काय बोलावं ते कळेना, म्हणाली. बाईंनी तिला बसवलं. ती सांगू लागली. दोन्ही अहवाल तिच्यासमोर होते. पहिली फाइल जोडली. दुसरी जोडायला गेली तर फाइल फार मोठी आहे असा निरोप पडद्यावर आला. लहान करून जोडू, म्हणून तिने तोवर वरची ओळ बदलायला घेतली. तेवढ्यात खिडकीवर कुणी तरी बाटल्या घेऊन आलं, एक बाटली गळत होती, ती उठली. हात धुऊन परत आली तेव्हा मेल पडद्यावर उघडाच होता, एक फाइल जोडलेली दिसत होती. तिला वाटलं झालं आहे. पाठवून दिला.

“मी ‘ले’ केला होता,” ती म्हणाली. “‘त’ लावायचा होता.”

 जी गोष्ट त्यांनी काल खुर्चीत बसून एका अक्षरावरून ताडली होती, ती आता एका मुलीच्या तोंडून, गळणाऱ्या बाटलीसकट, समोर आली होती. त्यांना तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला होता, नोकरी राहते की जाते ते ठाऊक नव्हतं. बाईंनी तिला चहा पाजला आणि मग दोघींनी मिळून खुलासा लिहिला. काय झालं ते जसंच्या तसं, काही न लपवता. शेवटी बाईंनी एक परिच्छेद घातला : ठरलेली ओळ काढून टाकावी. यापुढे अहवाल किती आहेत ते आकड्यात आणि अक्षरात लिहावं, आणि प्रत्येकाचं नाव खाली द्यावं. ‘सोबत दोन (२) अहवाल जोडले आहेत : मानेवरील गाठ, पाठीवरील तीळ.’ आकडा लिहायचा म्हटलं की माणूस मोजतो. आधी फाइली जोडाव्यात, मग वाक्य लिहावं, उलट नको. आणि वाचणाऱ्यानेही मोजून पाहावं, जुळलं नाही तर त्याच दिवशी फोन करावा.

मुलीने विचारलं, “शून्य असेल तर?”

“शून्य असेल तर मेल कशाला पाठवतेस?” बाई म्हणाल्या, आणि दोघींना थोडं हसू आलं.

तिची नोकरी राहिली. ट्रकवाल्याची शस्त्रक्रिया झाली. या वेळी कडा स्वच्छ निघाल्या, कर्करोग पसरलाय का ते बघायला काढलेल्या काखेतल्या गाठीही स्वच्छ. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं ठरलं. टाके सीटला टोचतात, अशी तक्रार करायला त्याने बाईंना तीनदा फोन केला.

पण बाईंची अस्वस्थता गेली नाही. उलट वाढली, आणि तिचं कारण त्यांनी कुणाला आठवडाभर सांगितलं नाही. ते कारण असं होतं की चुकलेल्या ओळीने त्यांना थांबवलं; पण बरोबर ओळींचं काय? वर्षभराचे साडेतीनशे मेल होते, ‘सोबत अहवाल जोडला आहे’, एक फाइल, वाक्य शुद्ध, काना-मात्रा जागेवर. त्या प्रत्येकाला पाहून बाईंनी समाधानाने मान डोलावली होती. वाक्य आणि फाइल एकमेकांशी जुळत होती, एवढंच त्यांनी बघितलं होतं. ती दोन्ही इथून गेलेल्या बाटल्यांशी जुळतात का, हे बघायचं कधी सुचलंच नव्हतं.

त्या जेवणाच्या सुट्टीत बसू लागल्या. एका बाजूला बाटल्यांची नोंदवही, दुसऱ्या बाजूला मेल. नाव घ्यायचं, बाटल्या मोजायच्या, अहवाल मोजायचे, बारीक बरोबरची खूण करायची. वहीत शाई फिकी झालेली, कुठे डॉक्टरांचं अक्षर, कुठे सिस्टरांचं, कुठे नुसता आकडा. डबा तसाच राहू लागला. तिसऱ्या दिवशी एक तफावत मिळाली, पण तिचा दुसरा अहवाल चार दिवसांनी वेगळा आलेला सापडला. आठव्या दिवशी दुसरी मिळाली. एक म्हातारी, पायावरच्या दोन गाठी, अहवाल एक. ‘जोडला आहे’, अगदी शुद्ध. बाईंनी प्रयोगशाळेत फोन केला. मुलीनेच घेतला. नावाने शोधलं. दुसरा अहवाल होता, सात महिन्यांपूर्वी सही झालेला, निरुपद्रवी. तो कधी गेलाच नव्हता, आणि कुणी मागितलाही नव्हता.

बाई तो छापून डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेल्या. निरुपद्रवी आहे, असं आधी सांगितलं, त्या दिवशीचा धसका त्यांच्या चेहऱ्यावर परत दिसू नये म्हणून. मग तारीख दाखवली. डॉक्टरांनी कागदावर सही केली, तारखेखाली आजची तारीख घातली. पेन ठेवलं. हे तुम्ही कधीपासून करताय, असं विचारलं. बाईंनी सांगितलं. किती राहिलेत, विचारलं. नव्वदच्या आसपास, बाई म्हणाल्या.

 डॉक्टर उठले, बाईंच्या टेबलाशी आले, समोरची खुर्ची ओढली आणि नोंदवही आपल्याकडे फिरवून घेतली.

“तुम्ही मेल वाचा,” ते म्हणाले. “बाटल्या मी मोजतो.”